दोन साहेबांचा माणूस : गार्डन रीचच्या रेल्वेतले काही धडे

नागपूरच्या जुन्या रेल्वे घरांत गार्डन रीच हे नाव रोजच्या बोलण्यातलं होतं. मोतीबाग, इतवारी, गोंदिया इथे नोकरी करणाऱ्यांचा मोठा साहेब नागपुरात बसत असे, आणि त्या साहेबाच्या वरचे साहेब अकराशे किलोमीटरवर, कोलकात्यात हुगळीच्या काठी, गार्डन रीचला. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. पुढे ही रेल्वे सरकारी झाली आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे हा झोन तयार झाला. एप्रिल २००३ मध्ये बिलासपूरचा नवा झोन निघेपर्यंत नागपूरचं एक मंडळ गार्डन रीचच्या हाताखाली होतं. आता दक्षिण पूर्व रेल्वेत खडगपूर, आद्रा, चक्रधरपूर आणि रांची ही चार मंडळं आहेत. गार्डन रीचला रेल्वेच्या भाषेत ‘जीआरसी’ म्हणतात. ‘जीआरसीवरून फोन आहे’ असं कोणी म्हटलं की हातातलं काम ठेवून उठायचं.

मी स्थापत्य खात्यातला, म्हणजे रूळ, पूल आणि खडी यांचा माणूस. मंडळात सीनियर डीईएन म्हणून काम केलं. या खुर्चीला दोन साहेब असतात, आणि ते रीतसर, नियमाने असतात. एक मंडळाचा प्रमुख डीआरएम. त्या प्रदेशातली सगळी खाती त्याच्या हाताखाली. दुसरा मुख्यालयातला आपल्या खात्याचा प्रमुख, मुख्य अभियंता. रूळ कसा राखायचा, मशीन कुठे लावायचं, पैसा कशावर खर्चायचा हे तिथून ठरतं. भारतात जीआयपी रेल्वेने १९२० च्या दशकात मंडळांची ही पद्धत आणली. त्याआधी जिल्ह्याचा अभियंता फक्त मुख्य अभियंत्याला जबाबदार असे. हुकूम एकच यायचा, पण गाडी आणि रूळ यांच्यातलं भांडण मिटवायला जागेवर कोणी नसायचं. मंडळ आलं आणि ते भांडण मिटवणारा माणूस आला, पण त्याबरोबर दुसरा साहेबही आला. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ मध्ये लिहून ठेवलं की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून यावा. जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी नंतर हे तत्त्व जाणूनबुजून मोडलं आणि त्या रचनेला मॅट्रिक्स म्हटलं. रेल्वेत ते आधीपासूनच मोडलेलं होतं.

पुढचे धडे या खुर्चीतले आहेत. कुठलं मंडळ, कुठलं वर्ष, कोण साहेब हे सांगत नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाचीही चूक नव्हती. आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं प्रमाण खरं आहे.

१. दोन्ही साहेब बरोबर असतात. त्यांचा हिशेब वेगवेगळ्या मुदतीचा असतो.

डीआरएमचा दिवस सकाळच्या कॉन्फरन्सने सुरू होतो. काल किती रेक भरले, किती गाड्या उशिरा धावल्या, कुठे किती डिटेन्शन झालं याची ‘पोझिशन’ मांडली जाते, आणि तीच पोझिशन थोड्या वेळाने मुख्यालयाला जाते. त्याला चोवीस तासांचा जाब द्यायचा असतो. मुख्य अभियंत्याचा हिशेब ऋतूंचा आणि दशकांचा. रुळाखालची खडी काही वर्षांत धूळ, चिखल आणि सांडलेल्या खनिजाने भरून जाते. मग पाणी झिरपत नाही, स्लीपर पंप व्हायला लागतात, आणि पावसाळ्यात तो पट्टा बसतो. म्हणून साधारण दहा वर्षांनी खडी पूर्ण उपसून चाळून परत घालावी लागते. याला डीप स्क्रीनिंग म्हणतात. ते जूनच्या आत झालं नाही, तर एक अख्खा पावसाळा घाण खडीवर काढावा लागतो.

एकजण मार्चअखेरच्या लोडिंगकडे बघतोय, दुसरा ऑगस्टमधल्या चिखलाकडे. हे एकदा डोक्यात बसलं की ‘कोणाचं ऐकू’ हा प्रश्न मागे पडतो, आणि ‘या दोन तारखांच्या मध्ये मला काय काय बसवता येईल’ हा प्रश्न पुढे येतो. त्याचं उत्तर आकड्यांत निघतं.

२. हुकमाचं भाषांतर तासांत करा.

हा धडा मी सविस्तर सांगतो, कारण बाकीचे सगळे यातून निघाले.

खनिजाच्या गाड्यांनी भरलेला दुहेरी मार्ग. अप लाइनवर आठ किलोमीटरचा पट्टा डीप स्क्रीनिंगला आलेला. मुख्यालयाने बीसीएम, म्हणजे खडी चाळणारं अवजड मशीन, आमच्या मंडळाला दिलं आणि सांगितलं की मेअखेर पट्टा पूर्ण करा, मशीन रिकामं उभं दिसलं तर दुसऱ्या मंडळाला जाईल. ही पोकळ धमकी नसते. झोनभर मशीनं मोजकी असतात आणि त्यांचं वाटप मुख्यालयाच्या हातात असतं. इकडे डीआरएमचा हुकूम असा की मार्च संपेपर्यंत चार तासांचा ब्लॉक मिळणार नाही, फार तर रोज दोन तास घ्या. पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं, आणि रेल्वेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. दोघांनीही स्वतंत्रपणे एकच वाक्य जोडलं : ‘तुमचं तुम्ही बघा, पण काम झालं पाहिजे.’

ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ त्या लाइनवर एकही गाडी न सोडता ती अभियंत्याच्या ताब्यात देणं. ‘दोन तास घ्या’ हे ऐकताना वाटतं, चार तासांच्या निम्मं मिळालं, काम निम्म्या वेगाने होईल. तसं होत नाही. मशीन स्टेशनातून निघून जागेवर पोहोचतं, रुळाखाली खोदलेल्या खड्ड्यातून कटर चेन घालून जोडावी लागते, शेवटी ती काढायची, रूळ गाडी जाण्याजोगा करायचा आणि मशीन परत आणायचं. यात दीड तास जातो. ब्लॉक चार तासांचा असो वा दोन तासांचा, हा दीड तास ठरलेला. उरलेल्या वेळात मशीन तासाला साधारण १६० मीटर पुढे सरकत होतं.

म्हणजे चार तासांत अडीच तास खरं काम आणि ४०० मीटर खडी. दोन तासांत अर्धा तास काम आणि ८० मीटर. आठ किलोमीटरला पहिल्या हिशेबाने २० ब्लॉक लागतात, म्हणजे लाइन एकूण ८० तास बंद. दुसऱ्या हिशेबाने १०० ब्लॉक, म्हणजे २०० तास बंद. गाड्यांची काळजी म्हणून ब्लॉक निम्मा केला, आणि गाड्यांचेच अडीचपट तास गेले.

शिवाय कॉशनचं ओझं वेगळं. नुकती चाळलेली खडी सैल असते. तिच्यावरून गाड्या सुरुवातीला अगदी सावकाश न्याव्या लागतात, आणि टॅम्पिंगने ती घट्ट होत जाईल तसतसा वेग पायरीपायरीने वाढवता येतो. भरलेली मालगाडी आधी वेग कमी करते, तुकडा ओलांडते, मग शेवटचा डबा बाहेर पडल्यावर पुन्हा वेग धरते. एका गाडीमागे दहा मिनिटं धरा. दिवसाला पंचवीस गाड्या म्हणजे चार तासांहून जास्त. काम चार आठवड्यांत उरकलं तर हे नुकसान चार आठवडे आणि वर थोडे दिवस. शंभर ब्लॉकवर पसरलं तर ते महिनोन्महिने चालणार, आणि पावसाळा मध्येच येणार.

हे सगळं मी एका कागदावर मांडलं. डाव्या बाजूला रोज दोन तास, उजव्या बाजूला आठवड्यातून मोजके पण पूर्ण चार तास, आणि खाली एकूण बंद तास व कॉशनचे दिवस. त्या कागदावर ‘खडी खराब आहे’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. खडी खराब आहे हे डीआरएमला माहीत होतं, आणि त्यांची अडचण ती नव्हती. त्यांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे गेलेल्या तासांत, त्यांच्या हुकमाची किंमत दिसायला हवी होती.

शेवटी असं ठरलं : मार्चमध्ये आठवड्याला दोन ब्लॉक, पूर्ण चार तासांचे, पहाटे पाच ते नऊ. महिन्यात आठ. एप्रिलपासून आठवड्याला चार, म्हणजे उरलेले बारा तीन आठवड्यांत. मुख्यालयाने मे अखेर मागितली होती, हिशेब एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुरा होत होता. डीआरएमला मार्चमध्ये आठवड्याचे पाच दिवस पूर्ण मोकळे मिळाले. ब्लॉकच्या सकाळी डाउन लाइनवरून दोन्ही दिशांच्या गाड्या आलटून पालटून चालवायच्या, आणि दोन पॅसेंजर गाड्या उशिरा धावतील हे आधीच मान्य करून लिहून ठेवायचं. ब्लॉक नसलेल्या दिवशी मशीन ‘रिकामं’ दिसणार होतं. म्हणून ते दिवस देखभाल आणि टॅम्पिंगच्या नावाने मुख्यालयाच्या कार्यक्रमात आधीच दाखवून घेतले.

यातही एक अट होती, आणि ती पाळली नसती तर सगळा हिशेब कोसळला असता. चाळताना बरीच खडी कमी होते. नवी खडी हॉपर रेकने आणून टाकेपर्यंत टॅम्पिंग नीट होत नाही आणि कॉशन उठत नाही. त्या रेकलाही मार्गावर जागा लागते, आणि ती देणारं खातं ऑपरेटिंगचंच. म्हणून खडीच्या रेकचे दिवस मी त्याच कागदावर, त्याच करारात घातले. ब्लॉक मिळाला पण खडी आली नाही, तर साहेबांना आठवडाभराने फक्त रेंगाळलेलं कॉशन दिसतं आणि दोघेही तुम्हालाच विचारतात.

३. तिसरा माणूस शोधा.

मला हवा असलेला वेळ दोन्ही साहेबांपैकी कोणाच्याच खिशात नव्हता. गाड्या चालवणारा सीनियर डीओएम आणि त्याचा कंट्रोल यांच्याकडे तो होता. सीनियर डीओएमलाही दोन साहेब : तोच डीआरएम, आणि गार्डन रीचमधला त्याच्या खात्याचा प्रमुख. रोज सकाळी त्यालाही दोन्हीकडून ऐकावं लागत होतं. डीआरएमपुढे कागद ठेवण्याआधी मी तो त्याच्यापुढे ठेवला. पहाटे पाच ते नऊ ही वेळ त्याने सुचवली. माझ्या मसुद्यात दुपार होती, कारण प्रवासी गाड्या टाळायच्या होत्या. त्याचं म्हणणं, त्या मार्गावर रात्रीच्या खनिज गाड्यांची रांग पहाटे सुटून जाते, आणि मग थोडी उसंत असते. ती उसंत वेळापत्रकात छापलेली नसते, कंट्रोलरच्या चार्टवर दिसते.

मग आम्ही दोघे एकत्र गार्डन रीचला गेलो. दोन खात्यांची दोन माणसं एकच कागद घेऊन आली आहेत हे पाहिल्यावर तिथल्या दोन प्रमुखांनी आपसात बोलून घेतलं. मंडळातून मी एकट्याने कितीही पत्रं पाठवली असती, तरी ती फक्त माझ्याच खात्याच्या फायलीत बसली असती. साहेब दोन असतात तेव्हा अडकलेली माणसंही एकापेक्षा जास्त असतात, आणि बहुतेक वेळा ती शेजारच्याच खोलीत बसलेली असतात.

४. काही गोष्टी टेबलावर ठेवायच्याच नाहीत.

पहाटेची वेळ माझ्यासाठी दुसऱ्या कारणानेही सोयीची निघाली. हल्लीचे रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात. उन्हात त्यांना पसरायला जागा नसते, त्यामुळे आत दाब साचतो, आणि खडी हा दाब धरून ठेवते. खडी मोकळी केली की ही पकड सुटते. म्हणून प्रत्येक पट्ट्याचं डिस्ट्रेसिंग तापमान ठरवलेलं असतं, आणि रुळाचं तापमान त्याच्या १० अंशांहून वर गेलं की खडी हलवायचं काम करायचं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी रूळ हवेपेक्षा वीसेक अंश जास्त तापतो. अशा वेळी उघड्या खडीवर रूळ एका क्षणात आडवा वाकू शकतो. याला बकलिंग म्हणतात, आणि त्याची आगाऊ सूचना फार थोडी मिळते : काही जागी स्लीपरच्या कडेला खडी सरकल्यासारखी दिसते, रुळाची रेघ नजरेला किंचित हललेली वाटते.

एप्रिलमधल्या एका सकाळी ब्लॉक उशिरा मिळाला, साडेसातला. चार तास म्हणजे साडेअकरा. जागेवरच्या रूळनिरीक्षकाने, म्हणजे पीडब्ल्यूआयने, रुळावरचा थर्मामीटर वाचत राहून दहाच्या सुमारास काम थांबवलं आणि चेन बाहेर काढली. मुख्यालयातून विचारणा झाली, मीटर कमी का. मंडळातून विचारणा झाली, दिलेला ब्लॉक वाया का घालवला. दोन्हींना मी एकच उत्तर दिलं : त्या क्षणाचं तापमान, आणि नियम. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

कॉशनचंही तसंच आहे. जागेवरच्या पीडब्ल्यूआयला वाटलं की इथून गाडी वीसच्या वेगाने जावी, तर तो संदेश देऊन वेगमर्यादा लावू शकतो. ती उठवायची ती स्थापत्य खात्याच्या माणसाने रूळ बघून. लोडिंग कितीही अडलेलं असो, खुर्चीवरून कोणी ती उठवू शकत नाही. दोन साहेबांमध्ये तडजोड शोधणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीत मधला बिंदू शोधायची सवय लागते. तापमान आणि वेगमर्यादा यांना मधला बिंदू नसतो. म्हणून बैठकीला जाण्याआधी मी कागदाच्या वरच्या भागात या दोन ओळी लिहून ठेवत असे, आणि ‘यांवर चर्चा नाही’ असं स्पष्ट सांगत असे. दोन्ही साहेब स्वतः याच वाटेने आलेले होते. त्यांनी त्याचा आदरच केला.

५. एकाशी झालेलं बोलणं दुसऱ्याला त्याच दिवशी, त्याच शब्दांत.

डीआरएमशी बोलून आलो की संध्याकाळी मुख्यालयाला तेच लिहायचं, आणि प्रत दोघांनाही. शब्द बदलायचे नाहीत. डीआरएमला ‘आठवड्याला दोन’ आणि मुख्यालयाला ‘लवकरच वाढवतो आहोत’ असं लिहिण्याचा मोह होतो, कारण प्रत्येकाला हवं ते ऐकवणं सोपं असतं. पण दोन्ही साहेब कॉन्फरन्समध्ये रोज एकमेकांशी बोलतात. दोन आवृत्त्या एकाच फोनवर भेटल्या की तिथून पुढे तुमच्या प्रत्येक आकड्याची तपासणी होते.

६. खाली एकच हुकूम जाऊ द्या.

मला दोन साहेब असणं ही रचना आहे. माझ्या पीडब्ल्यूआयला दोन हुकूम जाणं हा धोका आहे. पहाटे साडेचारला मशीनजवळ कंदील आणि कामगार घेऊन उभा असलेला माणूस, त्याला कंट्रोल सांगतोय ब्लॉक रद्द आणि मुख्यालयाचा मशीन विभाग सांगतोय चेन घाला, अशा स्थितीत कधीच नसला पाहिजे. आम्ही नियम केला की ब्लॉकच्या दिवशी त्याने फक्त दोन गोष्टी ऐकायच्या : कंट्रोलने रीतसर दिलेला ब्लॉक, आणि माझा किंवा माझ्या सहायकाचा फोन. बाकी कोणाचाही फोन आला, कितीही मोठ्या साहेबाचा, तरी ‘सीनियर डीईएन साहेबांशी बोला’ एवढंच उत्तर. हा नियम मी दोन्ही साहेबांना लेखी कळवून ठेवला, म्हणजे तो माणूस उद्धट ठरणार नाही.

ब्लॉक लांबला, म्हणजे रेल्वेच्या बोलीत ‘बर्स्ट’ झाला, तर त्याचा जाबही माझ्याकडे. ज्याच्या हातात पाना आहे त्याला जाब देण्याची भीती घातली की तो घाईने रूळ खुला करतो.

७. गोपनीय अहवाल कोण लिहितो, हे जाणून घ्या आणि मग बाजूला ठेवा.

माझ्या काळात सीनियर डीईएनचा वार्षिक अहवाल डीआरएम लिहीत, आणि त्यावर मत खातेप्रमुख नोंदवत. तरुण अधिकारी यावरून हिशेब करतात की आधी लिहिणाऱ्याचं ऐकावं. पण बदली, बढतीची शिफारस, मशीन, पैसा हे सगळं खात्याकडून येतं. कोण वरचढ याचा हिशेब कधीच सुटत नाही, आणि त्यात घातलेला वेळ फुकट जातो. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने आठ सेवा एकत्र करून एकच भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवा करायचं ठरवलं, ते खात्याखात्यांतल्या भिंती पाडण्यासाठी. सेवेचं नाव एक केलं, तरी रूळ आणि गाडी यांना एकच लाइन वाटून घ्यावीच लागते, म्हणून मंडळातल्या अधिकाऱ्याला दोन बाजूंनी विचारणारे दोघं राहतीलच.

८. खुर्ची सोडताना दोन्ही याद्या लिहून द्या.

बदली झाली की चार्ज देताना फायली, चाव्या, हत्यारं यांची नोंद होते. मी त्यात एक पान वाढवलं : डीआरएमला दिलेले शब्द आणि त्यांच्या तारखा डाव्या रकान्यात, मुख्यालयाला दिलेले उजव्या रकान्यात, आणि जिथे ते एकमेकांना अडतात तिथे काय ठरलं आहे ते मध्ये. नव्या माणसाला पहिल्याच सकाळच्या कॉन्फरन्समध्ये दोन्हीकडून विचारणा होते, आणि हे पान नसेल तर तो बिचारा नकळत एकाला दिलेला शब्द मोडून दुसऱ्याचा पाळतो. आठ किलोमीटरच्या त्या पट्ट्याच्या ओळीत शेवटी ‘पूर्ण, कॉशन उठवलं’ असं लिहून मी ते पान माझ्या जागी आलेल्याच्या हाती दिलं. त्याने ते वाचलं, आणि लगेच त्याच पानावर पुढच्या पट्ट्याचे ब्लॉक मोजायला घेतले.